टेसनावरची गाडी, अड्ड्यावरची मोटार

मी लग्न होऊन वाशीमला आले तेव्हा लढाई सुरू होती. लढाई कुठे चालली आहे हे आम्हाला नीट माहीत नव्हतं, पण पेट्रोल मिळत नाही एवढं सगळ्या गावाला कळत होतं, कारण रिसोडची मोटार आता कोळशावर चालायची. आमचा मळा गावाबाहेर, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कांदे, हंगामात टमाटे. सकाळी पाट्या भरून सासूबाई आणि मी बाजारात जायचो. बाजाराला लागूनच मोटारीचा अड्डा होता.

गावाची रचनाच अशी की रेल्वे एका टोकाला आणि मोटार दुसऱ्या टोकाला. अकोल्याकडून येणारी गाडी दिवसा स्टेशनावर लागायची. तिच्यातून उतरलेल्या माणसाला रिसोडकडे जायचं असलं तर त्यानं सामान उचलायचं, मिळाला तर टांगा करायचा, आमच्या मळ्यावरून अख्खं गाव ओलांडायचं आणि अड्ड्यावर पोचायचं. रिसोडची मोटार दिवसातून एकदा सुटायची. कागदावर बघितलं तर गाडी आधी यायची आणि मोटार नंतर सुटायची, म्हणजे जोड बरोबर होती. पण गाडीला उशीर झाला की जोड तुटली. रेल्वेचा कारभार स्टेशनाच्या फाटकाशी संपायचा आणि मोटारवाल्यांचा अड्ड्यावर सुरू व्हायचा. मधल्या रस्त्यावर माणसाचं काय होतं हे विचारणारं कुणी नव्हतं.

आम्हाला ते दिसायचं, कारण चुकलेली माणसं आमच्या दारात यायची. अड्ड्यावरून परत स्टेशनाकडे निघालेली, कारण मुसाफिरखान्यात निदान डोक्यावर छप्पर होतं. ओळखीचं घर नसलेला माणूस दुसरीकडे जाणार कुठे? वाटेत आमची विहीर लागायची. पाणी मागायला थांबायची. सासूबाई पाण्याबरोबर भाकर विचारायच्या. मी नवी होते, तेव्हा मला वाटायचं की या घरात पाहुणे फार येतात.

एका दुपारी, गाडी उशिरा आलेली होती, टांग्याचा खडखडाट ऐकू आला आणि मग कुणीतरी कळवळून ओरडल्याचा आवाज. त्या दिवसांत रस्त्याच्या दुरुस्तीसाठी गिट्टी पसरून ठेवली होती, अजून दाबली नव्हती. टांगा आमच्या फाटकासमोर थांबलेला होता. टांगेवाला खाली उतरून घोड्याचं तोंड धरून उभा होता. आत एक म्हातारी बसली होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि तिला मिठीत घट्ट धरून बसलेली तिची लेक, माझ्यापेक्षा थोडी मोठी.

"काय झालं हो?" सासूबाईंनी विचारलं.

"अकोल्याच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढला मायचा," लेक म्हणाली. "डाक्तर म्हन्ला, दचका बसू देऊ नका. खोकलू बी देऊ नका म्हन्ला. अन् हा रस्ता असा."

टांगेवाला वयस्क, दाढी पिकलेला माणूस. सगळे त्याला चाचा म्हणायचे. तो सासूबाईंना म्हणाला, "बाई, माह्या टांग्याची कमान कडक हाय, दचके लय देते. या गिट्टीवर मी मायले नेत नाही. डोळा गेला तं मले जिंदगीभर वाईट वाटंल. तुमची दमणी काढा."

आमच्या दमणीला, म्हणजे छोट्या बैलगाडीला, बैलं चांगली शांत होती आणि आत कडब्यावर गादी टाकली तर झोपून जाता यायचं. पण बैलं मोटेला जुंपलेली होती. ती सोडून आणायची, दमणीला जुंपायची, आणि मग गिट्टी टाळून रस्त्याच्या कडेकडेनं हळू हळू गावातून जायचं. तोवर मोटार थांबणार नव्हती. आणि मोटार चुकली तर एवढंच होणार नव्हतं की दुसरा दिवस उजाडेल. लेकीचा भाऊ केनवडहून बैलगाडी घेऊन रिसोडला येऊन थांबणार होता. या दोघी मोटारीतून उतरल्या नाहीत तर तो काय समजणार? दवाखान्यात काही भलतंच झालं असं समजणार. त्याला कळवायचं कसं?

"चाचा, तुमी पुढं जाऊन मोटार थांबवा ना," लेक म्हणाली.

चाचा हसले, पण ते हसणं सुखाचं नव्हतं. "बेटी, आमी टांगेवाले रोजच म्हन्तो, थांब, सवारी येऊन राह्यली. खरी बी असते, खोटी बी असते. ड्रायव्हर आमचं ऐकत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू जाय चाचासंगं. तुह्या तोंडाकडं पाहून त्याले इस्वास पटंल. या दोघीयचं बोचकं बी घेऊन जाय, म्हंजे सवारी खरी हाय हे दिसंल."

मी तोवर कुठल्याही परक्या पुरुषाशी दोन वाक्यं सलग बोलले नव्हते. बाजारात भाव सासूबाई सांगायच्या, मी तोलायची. पण नाही म्हणायला वेळच नव्हता. म्हातारीला हळूच खाली उतरवून घेतलं, त्यांचं बोचकं मांडीवर घेऊन मी टांग्यात बसले, पदर दातात धरला, आणि चाचांनी घोडा पळवला. आमचे हे मोटेकडे बैलं सोडायला धावले, ते मी मागं वळून पाहिलं.

अड्ड्यावर मोटार तयार होती. त्या मोटारीच्या मागच्या अंगाला एक उंच लोखंडी पिंप लावलेलं असायचं. त्यात कोळसा पेटवायचा, क्लीनरनं पंख्याचा दांडा गरागरा फिरवून इस्तो म्हणजे विस्तव फुलवायचा, आणि त्याचा गॅस बनून इंजिनाला जायचा. हे काम काही झटक्यात होत नसे. क्लीनर घामानं निथळायचा, तोंड काळं व्हायचं. आणि एकदा इस्तो फुलला की मोटार हलली पाहिजे. नुसती उभी ठेवली तर इस्तो बसायचा, गॅस पातळ व्हायचा, आणि सगळं पहिल्यापासून. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की मोटार भरलेली आहे, टपावर पोती बांधलेली आहेत आणि ड्रायव्हर चढायच्या बेतात आहे.

"थांबा," मी म्हटलं. आवाज फुटलाच नाही. पुन्हा म्हटलं, "ओ, थांबा! दोन बायका येऊन राह्यल्या. एकीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हाय."

ड्रायव्हर वळला. तिशीचा, उंच, खाकी शर्ट, कानाला रुमाल गुंडाळलेला. त्याची नजर माझ्यावरून चाचांकडे गेली. "काहो चाचा, आता बायायले संगं आनून राह्यले का?"

"कसम से खरं हाय," चाचा म्हणाले.

"कुठं हाय त्या?"

"आमच्या मळ्यात," मी म्हटलं. "दमणीत बसून राह्यल्या. हळू यावं लागते. हे पाहा त्यायचं बोचकं."

मोटारीतून लोक ओरडायला लागले. एक व्यापारी म्हणाला की रिसोडला त्याचा माल उघड्यावर पडलाय. पुढच्या बाकावरची एक बाई काहीच ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "माहं लेकरू तापानं फणफणून राह्यलं घरी. मी सकाळपासून बसली हाय." ते मात्र मला लागलं. मी फक्त आपल्या म्हातारीचा विचार करत होते. मोटारीत बसलेल्यांनाही घरं होती.

क्लीनर मागून ओरडला, "उस्ताद, इस्तो बसून राह्यला!"

ड्रायव्हर माझ्या जवळ आला. चिडून नाही, जरा खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मले आधी कळलं असतं नं, तं मी इस्तोच उशिरा पेटवला असता. मंग थांबता आलं असतं. आता पेटवल्यावर सांगून राह्यल्या तुमी. आता मी काय करू?"

आणि तो चढला. मोटार धूर सोडत, खोकत, रिसोडच्या रस्त्याला लागली. मी बोचकं घेऊन तिथेच उभी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रडू मोटार चुकली म्हणून होतं की एवढ्या लोकांसमोर बोलले म्हणून, ते सांगता येणार नाही. बऱ्याच वेळानं आमची दमणी बाजाराच्या तोंडाशी दिसली. हे बैलांच्या पुढे पायी चालत होते, खड्डा दिसला की बैलं थांबवत होते. मी मान हलवली. त्यांनी तिथूनच दमणी वळवली.

त्या दोघी आमच्याकडे राहिल्या. म्हातारीला आतल्या खोलीत, उजेड कमी असेल तिथे, उताणं झोपवलं. सासूबाई तिच्या उशाशी बसल्या आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. दोघींचं वय सारखं, दोघींनी एकाच दुष्काळात लहानपण काढलेलं. म्हातारी विचारायची, "हा खडखड आवाज कायचा?" सासूबाई सांगायच्या, "मोटेचं चाक व्हय." "अन् वास?" "सांभार हाय, आत्ताच उपटला." लेक मात्र चुलीजवळ बसून होती. भाऊ रिसोडहून रिकामी गाडी घेऊन परत निघाला असेल, घरी जाऊन काय सांगेल, हा घोर तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हता. माझ्या हातून काही सुटलं होतं असं नाही, तरी तिच्याकडे पाहताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. भाकरी थापता थापता ड्रायव्हरचं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. आधी कळलं असतं तर. तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त ठाऊक नव्हतं. आणि गाडी उशिरा आहे हे आम्हाला मात्र रोज ठाऊक असायचं.

ते असं. आधीच्या स्टेशनावरून गाडी सुटल्याची तार आली की आमच्या स्टेशनावर टांगून ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके पडायचे. तो आवाज मळ्यात स्पष्ट ऐकू यायचा. नेहमीच्या वेळेला ठोके पडले नाहीत म्हणजे गाडी उशिरा. शिवाय स्टेशनावरचा पोर्टर सकाळी भाजी न्यायला यायचा, तो बोलता बोलता सांगून जायचा, "आज गाडी अकोल्यालेच रखडली."

दुसऱ्या दिवशी भाजीच्या पाट्या घेऊन बाजारात गेलो तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मी जरा अड्ड्यावर जाऊन येते." त्या म्हणाल्या, "जाय. तराजू मी पाह्यते."

क्लीनर कोळसा फोडत बसला होता. ड्रायव्हर चहा पीत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला, याचं मला नवल वाटलं. मी म्हटलं, "त्या मायलेकी आज येऊन राह्यल्या. दमणी आत्ताच निघंल, लवकर पोचंल. पण मागच्या बाकावर त्यायले दचके बसतीन."

"पुढं माह्याजवळ बसवतो," तो म्हणाला. "पुढं दचके कमी." मग कप खाली ठेवून, "कालच्याले माह्यावर राग आला असंल."

"नाई," मी म्हटलं. "पन तुमी म्हन्ले ना, आधी कळलं तं. आमाले आधी कळते. टेसनावरचे ठोके आमच्या मळ्यात आयकू येते. सकाळी भाजी घेऊन आमी इकडंच येतो. अन् नंतर बी दुपारच्याले कोनी ना कोनी बाई पाटी घेऊन येतेच. तिच्यापाशी सांगून धाडलं तं?"

त्यानं जरा विचार केला. "गाडी लेट असंल तं सांगा. मी इस्तो उशिरा पेटवीन. पन एक सांगतो. कितीक बी लेट असली तं थांबता येत नाही. ऊन उतरायच्या आधी मले रिसोड गाठावं लागते, मालकाले जबाब द्यावा लागते. अन् मोटारीत बसलेले बी मानसंच हाय."

मला ती तापाच्या लेकराची बाई आठवली. "बरोबर हाय," मी म्हटलं.

त्या दिवशी म्हातारी पुढच्या बाकावर बसून गेली. ड्रायव्हरनं स्वतः तिच्या पाठीमागे घोंगडी दुमडून ठेवली. लेकीनं माझा हात धरला. मोटार इतकी हळू निघाली की मागचे लोक हसायला लागले.

तेव्हापासून आमच्या मळ्यातून बाजारात भाजी जायची तिच्याबरोबर रेल्वेची खबर जायची. शेजारच्या मळ्यातल्या बायकाही त्यात आल्या. "ठोके झाले" किंवा "अजून नाई झाले", एवढंच. अड्ड्यावरचे लोक आधी हसले. मग स्वतःच विचारायला लागले, "काय बाई, काय म्हन्ते टेसन?"

टांगेवाल्यांना मात्र ते पहिल्यांदा पटलं नाही. चाचा सोडून. एक तरुण टांगेवाला मळ्यात येऊन तावातावानं म्हणाला, "आज खबर देता, उद्या दमणीत सवाऱ्या न्याल. आमी काय खावं?" सासूबाई विहिरीवर भांडी घासत होत्या. त्या उठल्याही नाहीत. "आमच्या दमणीले चांगला मानूस कायले बसंल, बाबा? तुह्यावाला घोडा पळते, आमचे बैल झोपा काढते. बाळंतीन, आजारी, म्हातारं, एवढेच आमी नेऊ. धडधाकट मानूस तुहा. अन् मोटार थांबते हे कळलं तं लोक टांगा करतीन का पायी जातीन?" तो घुटमळला. खरं होतं ते. आधी गाडी उशिरा आली की मोटार चुकणारच, म्हणून बरेच लोक टांगा न करता मुसाफिरखान्यातच बसून राहायचे. आता मोटार मिळेल म्हटल्यावर ते टांग्याकडे धावू लागले. थोड्या दिवसांनी तोच टांगेवाला दमणी लागेल असा माणूस दिसला की आमच्या फाटकाशी टांगा थांबवून हाक मारू लागला.

उलट्या बाजूनं मात्र आमचा काही इलाज चालला नाही. रिसोडहून येणारी मोटार उशिरा आली की रेल्वेला कोण थांबवणार? ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याच्याशी बोलता यायचं. रेल्वेशी बोलता येत नाही. रेल्वेनं जाणारी माणसं त्यामुळे आदल्या दिवशीच येऊन राहायची. ती म्हातारी चष्म्यासाठी पुन्हा अकोल्याला निघाली तेव्हा अशीच आदल्या दिवशी आली, आणि मुक्कामाला दुसरीकडे कुठे न जाता आमच्याकडे. फाटकातून आत येताना तिनं मोटेकडे बोट केलं. "हे व्हय का ते खडखड?" सासूबाईंकडे मात्र ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "तू आवाजानं मोठी वाटली व्हती. एवढीशीच हाय की." दोघी हसत सुटल्या.

त्या पहिल्या दिवशी तिचा मुलगा रिसोडला मोटारीत या दोघी नाहीत हे पाहून खरंच घाबरला होता आणि केनवडला न जाता तसाच रात्रभर गाडी हाकत वाशीमच्या दिशेनं निघाला होता, हे तिनंच सांगितलं. वाटेत एका गावाजवळ बैल थकले म्हणून थांबला, आणि दुसऱ्या दिवशी ती मोटार त्याच्या समोरून आली. ड्रायव्हरनं त्याला ओळखलं नव्हतं. लेकीनं खिडकीतून ओरडून मोटार थांबवायला लावली. तो माणूस रस्त्यात बसून रडला म्हणे. ड्रायव्हरनं आम्हाला हे कधीच सांगितलं नव्हतं. मी नंतर त्याला विचारलं तेव्हा तो कोळशाच्या पोत्याकडे बघत म्हणाला, "काय सांगाव त्यात."

हे किती दिवस चाललं? लढाई संपेपर्यंत. मला वाटायचं, लढाई संपली, पेट्रोल आलं की सगळं सुधारेल. पेट्रोल आलं. मोटारीच्या मागचं पिंप काढून टाकलं. आता क्लीनरला पंखा फिरवावा लागत नव्हता. दांडा मारला की मोटार सुरू. ज्या इस्तोमुळे आमच्या खबरेला किंमत होती तो इस्तोच राहिला नाही. मोटारी वाढल्या, मालक बदलले, आमचा ड्रायव्हर पुसदच्या रस्त्यावर गेला. नवा ड्रायव्हर घड्याळ पाहायचा. मी एकदा जाऊन त्याला सांगितलं की गाडी उशिरा आहे.

"बाई, माह्या मागं दुसऱ्याची मोटार लागून हाय," तो म्हणाला. "मी थांबलो तं तो माह्या सवाऱ्या घेऊन जाते."

त्याचंही खोटं नव्हतं. मी आणखी काही दिवस गेले, मग जाणं सुटलं. दुसऱ्या बायकांनीही सोडलं. कुणी ठरवून सोडलं नाही.

पण एक गोष्ट मला त्यातून कळली, आणि ती मी पुढे आयुष्यात पुष्कळ ठिकाणी वापरली. माणसं बहुतेक वेळा वाईट म्हणून एकमेकांना सोडून जात नाहीत. पलीकडे कुणी येतंय हे त्यांना वेळेवर कळत नाही, म्हणून जातात. कळलं तरी दर वेळी थांबता येतंच असं नाही. तरी सांगावं.

मळ्याच्या फाटकाजवळ आमच्या यांनी नंतर एक छोटा मांडव घातला. त्याखाली एक बाकडं ठेवलं आणि पाण्याचा रांजण. अड्ड्यावरून परत आलेली माणसं तिथे टेकायची. एकदा एका तरुण शिक्षकानं विचारलं की मोटार आणि रेल्वे यांची वेळ जुळवून का ठेवत नाहीत, कुणाकडे अर्ज करायचा. सासूबाईंना अर्ज वगैरे कळत नव्हतं. त्यांनी त्याला तांब्या दिला आणि म्हणाल्या, "आज तं मोटार गेली. आधी पानी पे. मंग भाकर खाजो, अन् मंग पाहू कोनाले सांगाव ते."